पाळी गेल्यावरची गाठ

अंडाशयाच्या कर्करोगाविषयी बोलण्यासाठी २०१३ पासून जगभर ८ मे हा दिवस पाळला जातो. स्तनाच्या कर्करोगाबद्दल आता गावोगावी शिबिरे होतात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी लस आली आणि तपासणीही आली. भारतातल्या स्त्रियांमध्ये या दोहोंच्या मागोमाग तिसऱ्या क्रमांकावर येणारा अंडाशयाचा कर्करोग मात्र अजून घराघरांत बोलला जात नाही. तो बहुतेकदा कळतो तेव्हा पोटभर पसरलेला असतो. म्हणून इथे या विषयाचा एकच कोपरा नीट पाहायचा आहे: पाळी कायमची बंद झालेल्या बाईच्या सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ दिसली, तर पुढे काय व्हायला हवे.

प्रसंग अगदी नेहमीचा आहे. पित्ताशयातल्या खड्यांसाठी, मुतखड्यासाठी किंवा विम्याच्या तपासणीसाठी साठीच्या बाईची सोनोग्राफी होते. अहवालाच्या शेवटी एक ओळ असते, ‘डाव्या ओव्हरीत ३.२ सेंटिमीटरची सिस्ट.’ यानंतर दोनपैकी एक गोष्ट घडते. कोणी म्हणते, ‘पाण्याची गाठ आहे, असते बायकांना, काही करू नका,’ आणि तो कागद कपाटातल्या फायलीत जातो. किंवा घरात धावपळ उडते आणि आठवडाभरात ‘सगळेच काढून टाकू’ म्हणत बाई ऑपरेशनच्या टेबलावर असते. या दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. गाठ धोक्याची आहे की नाही, हे बऱ्याच अंशी ठरवता येते आणि त्यासाठी फार महाग साधने लागत नाहीत. लागते ती नीट केलेली सोनोग्राफी, एक रक्ततपासणी आणि दोन्हींचा मेळ घालणारा डॉक्टर.

पाळी चालू असताना अंडाशय दर महिन्याला गाठ बनवते, हे म्हटले तर नवल वाटेल, पण ते खरे आहे. बीज ज्या पिशवीत वाढते ती पाण्याने भरलेली असते आणि फुटण्याआधी दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत जाते. कधी ती फुटत नाही, थोडी आणखी वाढते आणि एक-दोन पाळ्यांत विरून जाते. तिशीतल्या मुलीला अशी गाठ दिसली की डॉक्टर ‘सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा पाहू’ म्हणतात, ते याचमुळे. पाळी जाऊन वर्ष झाले की हा कारखाना बंद पडतो. आपल्याकडे तो सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षीच बंद पडतो, पाश्चात्त्य देशांपेक्षा चारेक वर्षे आधी. त्यानंतर अंडाशय आक्रसत जाते. साठीच्या बाईत ते इतके लहान होते की सोनोग्राफीत दिसतच नाही आणि अहवालात तसे लिहिलेले असले तर त्यात घाबरण्यासारखे काही नसते. पण बीज बनणे थांबले आहे, त्यामुळे ‘महिन्याची गाठ’ हे सोपे स्पष्टीकरण आता उरत नाही. शिवाय अंडाशयाचा कर्करोग मुख्यतः पन्नाशीनंतरचा आजार आहे. वय वाढते तशी गाठीमागे काही गंभीर असण्याची शक्यताही वाढते. पाळी गेल्यावरच्या गाठीकडे जास्त लक्ष द्यायचे ते या दोन कारणांनी.

जास्त लक्ष देणे म्हणजे घाबरणे मात्र नव्हे. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाने पन्नाशीपुढच्या १५ हजारांहून अधिक स्त्रियांची वर्षानुवर्षे सोनोग्राफी केली आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या सुमारे १८ टक्के बायकांच्या अंडाशयावर साधी, एकाच कप्प्याची, पातळ भिंतीची पाण्याची गाठ सापडली. त्यांपैकी जवळपास ७० टक्के गाठी आपोआप नाहीशा झाल्या. ज्यांच्या अंडाशयात अशी साधी गाठ सोडून दुसरे काहीच वावगे नव्हते, त्यांच्यापैकी एकीच्याही त्या गाठीतून कर्करोग निघाला नाही. तेव्हा साधी गाठ ही पुढच्या कर्करोगाची पहिली पायरी आहे, ही भीती मनातून काढलेली बरी. सगळा प्रश्न गाठ खरेच ‘साधी’ आहे का, हे नक्की करण्याचा आहे.

ते नक्की करण्याची पहिली जागा म्हणजे सोनोग्राफीची खोली. पोटावरून केलेली सोनोग्राफी ओटीपोटात खोल दडलेल्या, आक्रसलेल्या अंडाशयाला पुरेशी पडत नाही. पोटावर चरबी असेल, आतड्यांत वारा असेल तर आणखीच नाही. त्यासाठी योनिमार्गातून पातळ प्रोब घालून तपासणी करावी लागते. पोटावरच्या तपासणीला भरपूर पाणी प्यायला लावतात, या तपासणीला उलट लघवी करून यायला सांगतात. ती दहा-पंधरा मिनिटांत होते. थोडे अवघडल्यासारखे होते, पण दुखापत नसते. आपल्याकडे म्हाताऱ्या बाईला, विधवेला, ‘तशी’ तपासणी कशाला म्हणून घरचे नको म्हणतात, कधी बाई स्वतः लाजते आणि तपासणाराही मग पोटावरच भागवतो. हा संकोच समजण्यासारखा आहे. पण त्यापायी ज्या अहवालावर पुढचा सगळा निर्णय उभा राहायचा, तोच अर्धवट राहतो. बाईशी आधी नीट बोलावे, स्त्री-परिचारिकेने जवळ थांबावे, पडदा असावा. एवढ्याने बहुतेक जणी तयार होतात.

या तपासणीत पाहायच्या गोष्टी पाच. गाठीत एकाहून अधिक कप्पे आहेत का. पाण्याबरोबर मांसल, घट्ट भाग आहे का. गाठ दोन्ही अंडाशयांवर आहे का. पोटात पाणी साठले आहे का. आणि अंडाशयाबाहेर कुठे पसरल्याच्या खुणा आहेत का. यांतली एकही नसेल तर गुण शून्य, एक असेल तर एक आणि दोन किंवा जास्त असतील तर थेट तीन. दुसरी गोष्ट सीए-१२५ ही रक्ततपासणी. तिची नेहमीची मर्यादा ३५. तिसरी गोष्ट पाळीची: पाळी चालू असेल तर एक गुण, गेली असेल तर तीन. या तिन्हींचा गुणाकार करायचा. ही पद्धत १९९० मध्ये ब्रिटनमध्ये मांडली गेली आणि तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या मार्गदर्शिकेत पाळी गेलेल्या बाईसाठी आजही तिचाच आधार घेतला आहे. गुणाकार २०० किंवा अधिक आला तर सीटी स्कॅन करायचा आणि स्त्रियांच्या कर्करोगाच्या शल्यचिकित्सेचे खास शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांकडे पाठवायचे.

नमुन्यादाखल एका बाईंचे कागद समोर ठेवू. वय ६१, पाळी जाऊन तेरा वर्षे झालेली. दिवाळीपासून पोट जड वाटते, परकराची नाडी पूर्वीच्या गाठीवर बसत नाही, रात्री लघवीला तीनदा उठावे लागते. घराजवळच्या डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीची गोळी दिली, मग लघवीच्या इन्फेक्शनची. मार्चमध्ये सोनोग्राफी झाली. उजव्या अंडाशयावर ६.८ सेंटिमीटरची गाठ, आत तीन-चार कप्पे, एका कडेला दीड सेंटिमीटरचा घट्ट भाग. डावे अंडाशय दिसत नाही. पोटात पाणी नाही. सीए-१२५ आले ४८.

आता ४८ हा आकडा पाहून घरचे म्हणतील, ३५ च्या थोडाच वर आहे, एवढे काय त्यात. गुणाकार करून पाहा. कप्पे आणि घट्ट भाग अशा दोन खुणा, म्हणून तीन गुण. पाळी गेलेली, म्हणून पुन्हा तीन. तीन त्रिक नऊ आणि नऊ गुणिले ४८ म्हणजे ४३२. दोनशेच्या दुपटीहून जास्त. हेच अंडाशय, हेच रक्त ३५ वर्षांच्या बाईचे असते, तर तीन गुणिले एक गुणिले ४८, म्हणजे १४४ आले असते आणि घाई तेवढी नसती. पाळी गेल्याने काय बदलते, ते या दोन आकड्यांत दिसते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या बाईंचे सीए-१२५ अगदी २३ आले असते, म्हणजे प्रयोगशाळेच्या कागदावर ‘नॉर्मल’, तरी गुणाकार २०७ झाला असता. फक्त रक्ताचा आकडा ३५ च्या आत आहे म्हणून निर्धास्त झालेली किती घरे असतील, याचा विचार अस्वस्थ करतो.

याच्या शेजारी दुसऱ्या बाईंचा कागद ठेवा. वय ५८, एका बाजूला ३.२ सेंटिमीटरची, एकाच कप्प्याची, आत काहीही नसलेली गाठ, सीए-१२५ चौदा. खुणा शून्य, म्हणून गुणाकारही शून्य. अशा गाठीला त्याच मार्गदर्शिकेप्रमाणे ऑपरेशन लागत नाही. पाच सेंटिमीटरच्या आतली, साधी, एकाच बाजूची, त्रास न देणारी आणि रक्ततपासणी ठीक असलेली गाठ चार ते सहा महिन्यांनी पुन्हा पाहायची. वर्षभर तशीच राहिली किंवा लहान झाली तर पाठपुरावा थांबवायचा. एक सेंटिमीटरच्या आतल्या गाठीला तर कसलाच पाठपुरावा लागत नाही. मात्र ‘पुन्हा पाहायची’ याचा अर्थ तारीख ठरवून पाहायची. शक्य तर त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने आणि आधीचा अहवाल सोबत घेऊन. अधेमधे अचानक पोटात कळ येऊन उलट्या सुरू झाल्या, तर गाठीला पीळ पडलेला असू शकतो. त्या वेळी पुढच्या तारखेची वाट न पाहता थेट दवाखाना गाठावा.

हा गुणाकार फसत नाही, असे नाही. दोनशेची रेषा धरली तर शंभर कर्करोगांपैकी सुमारे ७८ पकडले जातात, उरलेले निसटतात. दुसरीकडे, कर्करोग नसलेल्या शंभरातल्या तेरा जणीही रेषेच्या वर जातात. सोनोग्राफीत एकही खूण नसेल तर सीए-१२५ कितीही असले तरी उत्तर शून्यच येते. तेव्हा ते शून्य पाहून थांबायचे नसते, आकडा कशाने वाढला ते शोधायचे असते. सीए-१२५ वाढण्याची कारणे तर पुष्कळ: यकृताचा सिरोसिस, हृदयाची कमजोरी, पोटातली कोणतीही सूज. आपल्याकडे त्यातले मोठे कारण पोटाचा क्षयरोग. पोटात पाणी, अंडाशयाजवळ गाठीसारखा गोळा, वजन घटलेले, सीए-१२५ शेकड्यांत, असे सगळे चित्र क्षयातही तंतोतंत तसेच दिसू शकते. म्हणून आकडा मोठा दिसला की कर्करोगाचा शिक्का मारून मोकळे होणे चूक. पोटातल्या पाण्याची तपासणी, गरज पडली तर बारीक तुकडा काढून त्याची तपासणी झाल्याखेरीज उपचार ठरवू नयेत. उलट बाजूही तितकीच खरी. पहिल्या टप्प्यातल्या कर्करोगात जवळपास निम्म्या बायकांचे सीए-१२५ वाढलेलेच नसते.

आता ४३२ आलेल्या बाईंकडे परत येऊ. इथे एक चूक अशी होते की तिची भरपाई करता येत नाही. ‘पाण्याचीच तर गाठ आहे, सुई घालून पाणी काढू’ असे कोणी सुचवले, तर नकार द्यावा. पाळी गेलेल्या बाईच्या अंडाशयातल्या गाठीत तपासणीसाठी सुई खुपसू नये. काढलेल्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत म्हणून कर्करोग नाही असे ठरत नाही आणि त्या असल्या तर गळून पोटभर पसरू शकतात. हाच नियम ऑपरेशनला. गाठ न फोडता, अख्खी बाहेर काढायची. दुर्बिणीतून काढली तरी पोटाच्या आतच पिशवीत घालून मग बाहेर आणायची. कर्करोग एकाच अंडाशयात, आवरणाच्या आत असेल तर तो पहिल्या टप्प्यातला ‘ए’. ऑपरेशन करताना गाठ फुटली तर तोच कर्करोग त्याच क्षणी ‘सी’ गटात जातो. गाठ अखंड निघाली आणि पेशी सौम्य प्रतीच्या निघाल्या तर बरेचदा केमोथेरपीची गरजही पडत नाही. फुटली तर ती बहुधा घ्यावी लागते.

म्हणून कोणाच्या हातून ऑपरेशन होते, याला एवढे महत्त्व. स्त्रियांच्या कर्करोगाचे शल्यचिकित्सक पोट उघडले की आधी आतले पाणी धुऊन तपासणीला घेतात, सगळ्या पोटाची पाहणी करतात, गाठ काढून लगेच ‘फ्रोझन सेक्शन’ला पाठवतात. पॅथॉलॉजिस्ट अर्ध्या-पाऊण तासात प्राथमिक मत सांगतो. कर्करोग निघाला तर त्याच बैठकीत दोन्ही अंडाशये, नळ्या, गर्भपिशवी, आतड्यांवरचा चरबीचा पडदा म्हणजे वपा आणि गरजेप्रमाणे लसिका ग्रंथी काढल्या जातात. ही सोय नसलेल्या ठिकाणी फक्त गाठ काढून टाके घातले आणि आठ दिवसांनी अहवाल कर्करोगाचा आला, तर बाईला दुसऱ्या मोठ्या ऑपरेशनला सामोरे जावे लागते. किंवा रोग कुठवर गेला होता हे कायमचे धूसर राहते. जवळचा, ओळखीचा, विश्वासाचा सर्जन सोडून मुंबईच्या टाटा रुग्णालयाची किंवा जवळच्या शहरातल्या कर्करोग रुग्णालयाची वाट धरणे सोपे नसते. राहायचे कुठे, सोबत कोण, पैशांचे काय? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत, हे तरी दाखल होण्याआधी विचारून घ्यावे. गुणाकार दोनशेच्या वर गेला असेल तर हा प्रवास टाळू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गाठ योगायोगाने दिसण्याआधी शरीर काही सांगते का? सांगते, पण ते पोटाच्या साध्या तक्रारींसारखे असते. २००७ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. बार्बरा गॉफ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्ण आणि निरोगी स्त्रियांच्या तक्रारींची तुलना केली. पोट फुगणे किंवा पोटाचा घेर वाढणे, ओटीपोटात वा पोटात दुखणे, आणि जेवण न जाणे किंवा चार घासांत पोट भरणे, या तक्रारी पुढे आल्या. ब्रिटनची २०११ ची मार्गदर्शिका यांत वारंवार किंवा घाईची लघवीही धरते. या तक्रारी कोणाला नसतात? साबुदाण्याच्या खिचडीने पोट फुगते, लग्नघरच्या जेवणानेही फुगते. फरक दोन गोष्टींत आहे. तक्रार नवी असते, म्हणजे गेल्या वर्षभरात सुरू झालेली. आणि ती पुन्हा पुन्हा येते, महिन्यातून बारापेक्षा जास्त दिवस. जुना गॅसचा त्रास येतो आणि जातो. हा येतो आणि मुक्काम ठोकतो.

त्यामागचे कारणही सरळ आहे. पोटात पाणी साचू लागते, वपा जाड होते, ती जठराला फुगू देत नाही म्हणून चार घासांत पोट भरते. खाली गाठ मूत्राशयावर दाब देते म्हणून लघवी घाईने लागते. ब्लाऊज दंडाला सैल होतो आणि कमरेला साडी घट्ट होते, हे एकाच वेळी घडले तर त्याकडे लक्ष द्यावे. पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, मग तो डागाइतका का असेना, तर तपासणी हवीच. बहुतेकदा कारण गर्भपिशवीत सापडते, पण अंडाशयातल्या काही गाठी हार्मोन तयार करतात आणि त्यानेही असा स्राव होतो. डॉक्टरांसाठीही एक खूण २०११ च्या त्याच मार्गदर्शिकेत दिली आहे. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच ‘आतड्यांची चिडचिड’, म्हणजे आयबीएस, असे निदान करण्याआधी अंडाशय तपासा, कारण तो आजार या वयात सहसा नव्याने सुरू होत नाही.

तक्रारीचे दिवस मोजायला साधन घरातच टांगलेले आहे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर ज्या चौकटीत दुधाचा खाडा मांडला जातो, तिथेच पोट फुगल्याच्या दिवशी बारीक फुली मारावी, लघवीचा त्रास झाला त्या दिवशी टिंब. महिना संपल्यावर फुल्या बारापेक्षा जास्त झाल्या तर तेच पान घेऊन डॉक्टरांकडे जावे. ‘डॉक्टर, गॅस होतो’ या वाक्यावर गोळी मिळते. ‘डॉक्टर, या महिन्यात सतरा दिवस पोट फुगले, गेल्या वर्षी असे कधी नव्हते’ असे सांगितले तर सोनोग्राफीची चिठ्ठी मिळण्याची शक्यता खूप वाढते. पन्नाशीपुढची बाई असे काही घेऊन आली तर सीए-१२५ आणि सोनोग्राफी दोन्ही लिहून द्यावीत आणि दोन्ही ठीक आली तरी तक्रार थांबली नाही तर महिन्याभराने पुन्हा बोलवावे, एवढीच अपेक्षा आपल्या फॅमिली डॉक्टरांकडून आहे.

मग सगळ्याच बायकांची दरवर्षी ही तपासणी का करू नये? महिला दिनाच्या सवलतीच्या पॅकेजमध्ये सीए-१२५ घातलेले दिसते ते याच समजुतीने. याचे उत्तर शोधायला ब्रिटनमध्ये ५० ते ७४ वयाच्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला. त्यांतल्या निम्म्या जणींची दरवर्षी रक्ततपासणी किंवा सोनोग्राफी केली आणि सगळ्यांकडे वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. २०२१ मध्ये निकाल आला. काही कर्करोग लवकर सापडले, पण मृत्यू कमी झाले नाहीत. अमेरिकेतल्या तशाच प्रयोगात तपासणीने खोटा इशारा दिल्यामुळे हजारावर निरोगी स्त्रियांची ऑपरेशने झाली आणि त्यांतल्या १५ टक्के जणींना गंभीर गुंतागुंत भोगावी लागली. या अपयशामागे रोगाचा स्वभाव आहे. सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत जहाल प्रकार बहुतेकदा अंडाशयात सुरूच होत नाही. तो अंडवाहिनीच्या झालरीसारख्या टोकात, डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींत सुरू होतो आणि तिथून थेट पोटात विखुरतो. त्याला पकडायला सोनोग्राफीत मोठी गाठ दिसण्याची वाट पाहणे उशिराचे ठरते. म्हणून ज्यांना काही त्रास नाही आणि ज्यांच्या घरात या आजाराचा इतिहास नाही, त्यांनी या तपासण्यांवर पैसे घालू नयेत. ज्यांना नवा, टिकून राहणारा त्रास आहे किंवा ज्यांच्या अंडाशयावर गाठ दिसलीच आहे, त्यांनी त्या टाळू नयेत. त्रास सुरू होईतो रोग कधी कधी पुढे गेलेला असतो, हे खरेच आहे. पण तरीही सहा महिने आधी पोचलेल्या बाईच्या अंगात ऑपरेशन सोसण्याची ताकद असते आणि सगळा रोग काढून टाकता येण्याची शक्यता अधिक असते.

महाराष्ट्रापुरता एक प्रश्न वेगळा आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या ऐन तिशीत मोठ्या संख्येने काढल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. ऊसतोडीतच नव्हे, राज्यात सगळीकडेच ‘पिशवी काढलेल्या’ बायका पुष्कळ आहेत. त्यांतल्या कित्येकींना अंडाशये ठेवली आहेत की काढली, हे माहीत नाही. पिशवी गेली म्हणजे आता तिथला कर्करोग होणारच नाही, असे त्यांना वाटते. अंडाशये जागेवर असतील तर हा धोका जागेवरच असतो. शिवाय पाळी ऑपरेशनने बंद झाल्यामुळे अंडाशयांचे काम खरेच कधी थांबले, हे कळायला मार्ग नसतो. गुणाकार करताना अशा बाईचे वय पन्नाशीच्या पुढे गेले की पाळी गेली असे धरून तीन गुण द्यायचे असतात, पण सोनोग्राफीच्या फॉर्मवर ‘पाळी कधी गेली’ या रकान्यात फक्त ‘पिशवी काढली’ एवढे लिहून काम भागवले जाते. डिस्चार्ज कार्ड शोधून त्यावर काय काढले ते वाचून घ्यावे, नसेल तर सोनोग्राफी करणाऱ्याला अंडाशये आहेत का ते मुद्दाम विचारावे. आणि सरकारी रुग्णालयांनी सोनोग्राफीच्या छापील नमुन्यात त्या पाच खुणांचे पाच रकाने घालावेत. ‘ओव्हेरियन सिस्ट, क्लिनिकली कोरिलेट करा’ एवढ्या ओळीवर ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर काहीही ठरवू शकत नाही. रकाने असले तर गुणाकार तिथल्या तिथे होईल.

४३२ आलेल्या आपल्या बाईंची गाठ अखंड निघाली आणि कर्करोग एकाच अंडाशयात निघाला असे धरू. टाके सुकल्यावर त्यांना अजून एक तपासणी सुचवली जाईल, बीआरसीए या जनुकांची. अंडाशयाचा कर्करोग निघालेल्या जवळपास प्रत्येक बाईला ती सुचवतात, घरात आधी कोणाला कर्करोग झाला असो वा नसो. दोष सापडला तर तो आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो आणि प्रत्येक मुलामुलीत उतरण्याची शक्यता निम्मी असते. मग त्यांच्या चाळिशीकडे झुकलेल्या मुलीला, धाकट्या बहिणीला समुपदेशनासाठी बोलावले जाते. मुलीत तोच दोष निघाला तर मुले झाल्यानंतर, साधारण पस्तिशी ते पंचेचाळिशीच्या दरम्यान, नळ्या आणि अंडाशये काढण्याचा विचार तिच्यापुढे मांडला जातो. भाऊ असेल तर त्यालाही बोलवावे. हा दोष पुरुषांकडूनही मुलींकडे जातो आणि आपल्याकडे घरातल्या पुरुषांना विचारायचे राहून जाते.